एम-थ्रीच्या पेपरआधीचे तीन आठवडे: कॅल्क्युलस आणि डीईची उजळणी कशी लावायची

सेकंड इयरला डिफरन्शियल इक्वेशनचं, म्हणजे डीईचं, उदाहरण अर्ध्यावर अडतं तेव्हा अडलेली जागा बहुतेक वेळा डीईची नसतेच. ऑक्झिलरी इक्वेशन बरोबर असतं, इंटिग्रेटिंग फॅक्टरही नीट निघतो. मग बाय पार्ट्स करताना एक मायनस हरवतो, नाहीतर पार्शल फ्रॅक्शनची मांडणीच चुकते, आणि पान वाया जातं. म्हणून इथला आराखडा सिलॅबसच्या युनिटच्या क्रमाने लावलेला नाही. पहिला आठवडा कॅल्क्युलसचा, तोही डीईला जेवढं लागतं तेवढ्याचा. दुसरा आठवडा पूर्ण डीईचा. तिसऱ्यात घड्याळ लावून पेपर.

गेल्या वर्षीचं एम-टू पास होऊन विसरलेले, एम-टूची केटी अजून डोक्यावर असलेले आणि डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलेले, अशा तिन्ही प्रकारच्या मुलांना हा क्रम चालतो. डिप्लोमावाल्यांनी पहिल्या आठवड्याला दोन दिवस जास्त द्यावेत आणि ते तिसऱ्या आठवड्यातून काढावेत. दुसऱ्या आठवड्याला मात्र कात्री लावू नका.

वेळेचा हिशोब आधीच करून ठेवा. पेपरच्या तीन आठवडे आधी आपल्याकडे सबमिशन चालू असतं, जर्नलवर सह्या घ्यायच्या असतात आणि ओरल तोंडावर असते. त्या दिवसांत रोज सहा तास गणित करण्याचं वेळापत्रक भिंतीवर लावलं तर ते तिसऱ्या दिवशी मोडतं. पहिल्या आठवड्यात रोज दोन तास धरा, दुसऱ्यात तीन. पीएल सुरू झाली की चार-पाच तास मिळतील, पण तेव्हा बाकीचे विषयही उभे राहतात.

पहिला दिवस: जुना पेपर, पुस्तक बंद

काहीही वाचायच्या आधी तुमच्या विद्यापीठाचा, तुमच्याच पॅटर्नचा एक जुना पेपर घ्या आणि तासभर पुस्तक बंद ठेवून जमेल तेवढा सोडवा. पॅटर्न तपासायला विसरू नका. ब्रँचप्रमाणे सिलॅबस बदलतो आणि सीनियरने दिलेल्या गठ्ठ्यात दुसऱ्याच ब्रँचचा पेपर असू शकतो.

मार्क मोजू नका. प्रत्येक अडलेल्या उदाहरणापुढे फक्त एक शब्द लिहा. पद्धतच सुचली नसेल तर "ओळख", पद्धत कळली पण इंटिग्रल निघाला नाही तर "इंटिग्रेशन", आणि सगळं येत असून चिन्ह किंवा आकडा चुकला असेल तर "हिशोब". "इंटिग्रेशन" जास्त वेळा आलं तर पहिला आठवडा जीव लावून करा. "ओळख" जास्त आलं तर पहिला आठवडा पाच दिवसांत गुंडाळून दुसऱ्याला वेळ द्या. "हिशोब" जास्त असेल तर आणखी उदाहरणं सोडवून फारसा फरक पडत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे उत्तराचा ताळा, तो पुढे येतोच.

पहिला आठवडा: डीईला लागेल तेवढंच कॅल्क्युलस

पहिले तीन दिवस इंटिग्रेशन. सगळं प्रकरण पुन्हा करायची गरज नाही. डीई आणि लाप्लासमध्ये सारखी लागणारी तीनच कामं आहेत: बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन, आणि `e^(ax) sin bx` किंवा `e^(ax) cos bx` चा इंटिग्रल. तिसऱ्याचं सूत्र पाठच असू द्या:

`∫ e^(ax) cos bx dx = e^(ax) (a cos bx + b sin bx) / (a² + b²)`

पेपरात हे दोनदा बाय पार्ट्स करून काढत बसलात तर निम्मं पान आणि बराच वेळ जातो.

पार्शल फ्रॅक्शनमध्ये बहुतेकांचा पाय एकाच जागी घसरतो. छेदात `(s−1)²` असेल तर `A/(s−1)` आणि `B/(s−1)²` ही दोन्ही पदं लिहावी लागतात. पहिलं पद गाळलं तर पुढची सगळी मेहनत चुकीच्या पायावर होते. ते ओळखायचं कसं? स्थिरांक काढून झाले की `s` ला एखादी साधी किंमत द्या, उदाहरणार्थ `s = 0`, आणि दोन्ही बाजू जुळतात का बघा. स्थिरांक काढताना वापरलेली किंमत मात्र पुन्हा घेऊ नका, ती जुळणारच.

चौथा दिवस पार्शल डेरिव्हेटिव्हचा. अर्धा दिवसही पुरतो, कारण एक्झॅक्ट डीईसाठी `∂M/∂y` आणि `∂N/∂x` न चुकता काढता आले की काम झालं.

पाचवा आणि सहावा दिवस डबल इंटिग्रलला. इथे मी हट्टाने एक सांगेन: आकृतीशिवाय एकही उदाहरण सोडवू नका. इंटिग्रेशनचा क्रम बदला, असा प्रश्न आला की पुष्कळ मुलं आकृती न काढता मर्यादांची नुसती अदलाबदल करतात. हे बघा:

`∫₀¹ ∫ₓ¹ e^(y²) dy dx`

आतला इंटिग्रल `e^(y²)` चा आहे आणि तो नेहमीच्या फलनांत निघतच नाही. क्रम बदला असं प्रश्नात लिहिलेलं नसलं तरी तसा इशारा इथेच मिळतो. आता आकृती काढा. `y` हा `x` पासून `1` पर्यंत जातो आणि `x` हा `0` पासून `1` पर्यंत, म्हणजे प्रदेश हा `(0,0)`, `(0,1)` आणि `(1,1)` या बिंदूंमधला त्रिकोण आहे. त्यात आडवी पट्टी घेतली की `x` हा `0` पासून `y` पर्यंत जातो आणि `y` हा `0` पासून `1` पर्यंत. त्यामुळे:

`∫₀¹ ∫₀^y e^(y²) dx dy = ∫₀¹ y e^(y²) dy = (e − 1)/2`

आत आलेल्या `y` मुळेच `y² = t` हे सब्स्टिट्यूशन चालतं. हे उत्तर साधारण `0.859` येतं, आणि कॅल्क्युलेटरला इंटिग्रल काढता येत असेल तर `∫₀¹ y e^(y²) dy` टाकून ते लगेच पडताळता येतं. मर्यादांची फक्त अदलाबदल केली असती तर बाहेरच्या इंटिग्रलच्या मर्यादेत `x` राहिला असता. निश्चित इंटिग्रलच्या उत्तरात चल शिल्लक राहिलं की मर्यादा चुकल्या, हे न तपासताही सांगता येतं.

ज्यांना व्हेक्टर कॅल्क्युलस आहे त्यांना हीच आकृती ग्रीनच्या प्रमेयात पुन्हा लागेल, म्हणून हे दोन दिवस वाया जातात असं समजू नका. सातवा दिवस राहिलेल्या कामांसाठी मोकळा ठेवा. सबमिशन तो खाणारच आहे.

दुसरा आठवडा: आधी ओळख, मग पद्धत

पहिले दोन दिवस फर्स्ट ऑर्डर डीई. इथे सवय लावायची ती प्रश्न बघून प्रकार ओळखायची. सकाळी वेगवेगळ्या पेपरांतले वीस प्रश्न काढा आणि न सोडवता प्रत्येकापुढे फक्त प्रकार लिहा: व्हेरिएबल सेपरेबल, होमोजिनियस, एक्झॅक्ट, लिनियर, बर्नुली. ज्यांचा प्रकार लिहिता आला नाही, तेवढेच सोडवायला घ्या. एकाच प्रकारची दहा उदाहरणं ओळीने सोडवली तर पद्धत हाताला येते, ओळख मात्र येत नाही, कारण प्रकरणाचं नाव वर लिहिलेलंच असतं. पेपरात ते नसतं.

लिनियर प्रकारात एक चूक दर वर्षी दिसते. हे समीकरण घ्या:

`x dy/dx + 2y = x²`

घाईत `P = 2` धरून इंटिग्रेटिंग फॅक्टर `e^(2x)` लिहिला जातो. `dy/dx` चा सहगुणक आधी `1` करावा लागतो. सगळीकडे `x` ने भागलं की `P = 2/x` येतो आणि फॅक्टर `x²`. उजवी बाजूही `x²` ची `x` झाली, हे विसरायचं नाही. मग

`y x² = ∫ x · x² dx = x⁴/4 + c`

म्हणून `y = x²/4 + c/x²`. दुसरी चूक इथे होते: `c` इंटिग्रेशनच्या ओळीत न लिहिता सगळ्यात शेवटी चिकटवला जातो आणि उत्तर `x²/4 + c` होतं. ते समीकरणात टाकून बघा, डावीकडे `2c` जास्तीचा उरतो.

इथून पुढे एक नियम पाळा. डीईचं प्रत्येक उत्तर मूळ समीकरणात टाकून बघायचं. इंटिग्रेशनच्या मानाने डिफरन्शिएशन सोपं आणि यांत्रिक असतं, त्यामुळे ताळ्याला दोन-तीन मिनिटं पुरतात. "हिशोब" हा शिक्का ज्यांच्या कागदावर जास्त होता त्यांनी तर ताळ्याशिवाय पुढच्या उदाहरणाला हात लावू नये.

एक्झॅक्ट नसलेल्या समीकरणात कोणता फॅक्टर लावायचा याचे चार-पाच नियम पुस्तकात दिलेले असतात. ते क्रमाने पाठ करण्यापेक्षा `∂M/∂y − ∂N/∂x` काढा आणि त्याला `N` ने भागून फक्त `x` उरतो का, किंवा उलट वजाबाकी करून `M` ने भागल्यावर फक्त `y` उरतो का, हे आधी बघा. `(x² + y² + x) dx + xy dy = 0` मध्ये ती वजाबाकी `2y − y = y` येते, `xy` ने भागल्यावर `1/x` उरतो, म्हणून फॅक्टर `x`. या दोन्हींत बसलं नाही तरच बाकीचे नियम आठवायला घ्या.

पुढचे चार दिवस स्थिर सहगुणकांच्या लिनियर डीईचे. एम-थ्रीमध्ये मार्कांच्या दृष्टीने सगळ्यात भरवशाचा भाग हाच, कारण सीएफ जवळजवळ फुकट मिळतो. तो वेगळा लिहून चौकट करा, पुढे पीआय चुकला तरी त्याचे मार्क शाबूत राहतात. पीआयमध्ये मात्र शॉर्टकट जिथे चालत नाही, अशा ठिकाणीच प्रश्न काढलेला असतो. एक उदाहरण पूर्ण सोडवू, कारण तिसऱ्या आठवड्यात ते पुन्हा लागेल.

`y'' − 3y' + 2y = e^x`

ऑक्झिलरी इक्वेशन `m² − 3m + 2 = 0`, मुळं `1` आणि `2`, म्हणून सीएफ `c₁e^x + c₂e^(2x)`. आता पीआय:

`PI = 1/(D² − 3D + 2) · e^x`

`D` च्या जागी `1` टाकला की छेद `1 − 3 + 2 = 0`. इथे काही जण शून्य बघून घाबरतात आणि पुन्हा मुळं तपासत बसतात. खरं तर शून्य येणार हे आधीच दिसायला हवं होतं. उजवीकडचा `e^x` सीएफमध्ये हजर आहे, म्हणजे त्याचा कोणताही पट डाव्या बाजूत टाकला तर शून्यच मिळणार. तेव्हा बाहेर एक `x` घ्यायचा आणि छेदाचं `D` च्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह काढायचं:

`PI = x · 1/(2D − 3) · e^x = x e^x/(2 − 3) = −x e^x`

ताळा बघू. `y = −x e^x` असेल तर `y' = −(x+1)e^x` आणि `y'' = −(x+2)e^x`. डावी बाजू:

`e^x [ −x − 2 + 3x + 3 − 2x ] = e^x`

जुळलं. पीआय काढायला बसण्याआधी सीएफ आणि उजवी बाजू शेजारी ठेवून एकदा बघायची सवय लावली की शॉर्टकट कुठे फेल होणार ते आधीच कळतं. `sin` आणि `cos` लाही तेच लागू. `(D² + 4)y = cos 2x` मध्ये `D²` च्या जागी `−4` टाकला की छेद शून्य होतो, आणि उत्तर `(x/4) sin 2x` येतं. मेकॅनिकलच्या मुलांनी त्या बाहेरच्या `x` कडे जरा थांबून बघावं. डॅम्पिंग नसलेल्या स्प्रिंगला तिच्याच नैसर्गिक फ्रिक्वेन्सीने हलवत राहिलं की आंदोलनाचा विस्तार काळाबरोबर वाढत जातो. रेझोनन्स म्हणतात ते हेच.

`sec x`, `tan x` किंवा `1/(1 + e^x)` उजवीकडे दिसलं की शॉर्टकट शोधू नका. तिथे व्हेरिएशन ऑफ पॅरामीटर्स किंवा जनरल मेथड. `y'' + y = sec x` हे एकच उदाहरण दोन-तीनदा कोऱ्या कागदावर लिहून काढा. रॉन्स्कियन `1` येतो आणि पीआय `x sin x + cos x log(cos x)`. पद्धतीच्या सगळ्या पायऱ्या यात येतात आणि इंटिग्रल सोपे असल्याने लक्ष पद्धतीवर राहतं.

सातव्या दिवशी कॉशीचं समीकरण. `x = e^z` टाकलं की `x²y''` चं `D(D−1)y` होतं, पण आता `D` म्हणजे `d/dz`. इथे चुका दोनच: उजवीकडच्या `log x` चं `z` करायला विसरणं आणि उत्तर `z` मध्येच सोडून देणं.

तिसरा आठवडा: घड्याळ, लाप्लास आणि सर्किट

ज्यांच्या सिलॅबसमध्ये लाप्लास आहे त्यांनी पहिले दोन दिवस त्याला द्यावेत, आणि सुरुवात वरच्याच उदाहरणाने करावी. `y(0) = 0`, `y'(0) = 0` घेतलं की

`Y(s) = 1 / [ (s−1)² (s−2) ] = 1/(s−2) − 1/(s−1) − 1/(s−1)²`

उलट ट्रान्सफॉर्म घेतल्यावर, चल `x` च ठेवून, `y = e^(2x) − e^x − x e^x`. आधीच्या उत्तरात `c₁ = −1`, `c₂ = 1` घातलं की हेच मिळतं. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं म्हणजे पहिल्या आठवड्यातलं पार्शल फ्रॅक्शन आणि दुसऱ्या आठवड्यातला पीआय दोन्ही तपासून झाले. `1/(s−1)` चं पद गाळलं असतं तर उत्तर `x = 0` ला `1` आलं असतं. `y(0)` ची दिलेली किंमत शेवटी टाकून बघणं हा लाप्लासमधला सगळ्यात स्वस्त ताळा.

एक दिवस ॲप्लिकेशनला. एलआर सर्किट घ्या: `L = 2` हेन्री, `R = 10` ओहम, `E = 20` व्होल्ट, सुरुवातीला करंट शून्य.

`2 di/dt + 10 i = 20`, म्हणून `i = 2(1 − e^(−5t))`

इथे समीकरणात पुन्हा टाकण्याआधीच दोन टोकं बघा. `t = 0` ला करंट शून्य हवा, तो आहे. खूप वेळाने इंडक्टरचा अडथळा उरत नाही, तेव्हा करंट `E/R = 2` अँपिअर हवा, तोही आहे. घातांकात `+5t` आलं असतं तर करंट वाढतच गेला असता आणि बॅटरीच्या सर्किटमध्ये ते शक्य नाही. अर्ध्या करंटला पोचायला लागणारा वेळ विचारला तर `t = (log 2)/5`, म्हणजे साधारण `0.139` सेकंद. हा लॉग नॅचरल आहे. कॅल्क्युलेटरवर `ln` दाबायचं, `log` नाही.

उरलेल्या दिवसांत एक दिवसाआड पूर्ण पेपर सोडवा, पेपरच्याच वेळेत आणि शक्य असेल तर परीक्षेच्याच तासांत. मधला दिवस फक्त त्या पेपरातल्या चुकांसाठी. चुकलेलं उदाहरण उत्तर बघून वाचून काढू नका. उत्तरातली फक्त पुढची एक ओळ बघा, झाका, आणि तिथून स्वतः पुढे जा. पहिल्या दिवशीचे तेच तीन शब्द याही पेपरांवर लिहा. "ओळख" अजून येत असेल तर नवा पेपर घेण्याआधी वीस प्रश्नांची ती यादी पुन्हा करा.

ज्या युनिटला एवढ्या वेळात हातच लागला नाही ते शेवटच्या तीन दिवसांत उघडू नका, पेपरात त्याला पर्याय असेल तर मुळीच नाही. पर्याय नसेल तर त्यातला सर्वात जास्त वेळा आलेला एकच प्रकार करा.

आदल्या संध्याकाळी सूत्रांचं एक पान, सीएफ-पीआयचे फेल होणारे प्रकार, आणि कॅल्क्युलेटर. न्यूमेरिकल मेथड्स असतील तर तो रेडियन मोडवर आहे ना ते बघा. `y' = x + sin y` सारख्या समीकरणावर रुंगे-कुट्टा लावताना डिग्री मोड राहिला तर सगळे `k` चुकतात, आणि आकडे दिसायला ठीकठाक असल्याने चूक लक्षातही येत नाही. `sin 1` दाबा: `0.841` आलं तर बरोबर, `0.017` आलं तर मोड बदला.

पेपर हातात पडला की लिहायला लागण्याआधी प्रत्येक डीईच्या शेजारी पेन्सिलीने प्रकार लिहा, आणि पीआय फेल होतो तिथे एक फुली. फुलीवाली उदाहरणं आधी घ्या, डोकं ताजं असतं तेव्हा. एखाद्याचा ताळा जुळला नाही तर एकदाच मागे जाऊन बघा. तरी सापडलं नाही तर सीएफला चौकट करा, खाली अर्धं पान सोडा आणि पुढच्या प्रश्नाला लागा.